स्लॅब टाकला त्याच दुपारी तिरक्या भेगा. चूक पाण्याची की आणखी कशाची?

आडगावची_वर्षा · 18 एप्रिल, रात्री 10:12

आडगाव शिवारात घराचं काम चालू आहे. परवा तळमजल्याचा स्लॅब पडला. साधारण 1150 चौरस फूट, पाच इंच जाडी, प्लांटवरून आलेलं एम25, पीपीसी सिमेंटचं. पंप सकाळी सातला यायचा होता, तो आला साडेदहाला. पहिली गाडी अकराला रिकामी झाली, शेवटची पावणेदोनला. अडीचला मिस्त्री हात धुऊन जेवायला बसले.

तीनच्या सुमाराला मी वर गेले तर ज्या बाजूने सुरुवात केली होती तिथे भेगा. सरळ नाहीत, तिरक्या, एकीशेजारी एक, कुणीतरी कंगवा फिरवल्यासारख्या. काहींत व्हिजिटिंग कार्डाची कड सहज जाते. मिस्त्री म्हणाले, "केसभेगा आहेत ताई, सकाळी आळी बांधून पाणी भरलं की मिटतील." दुसऱ्या दिवशी सातला आळी भरली. मिटल्या नाहीत. आमचे इंजिनीअर फोनवर म्हणतात की क्युरिंग उशिरा सुरू झालं. मिस्त्री म्हणतात माल खराब होता. प्लांटवाले म्हणतात माल उत्तम, टाकणाऱ्यांची चूक.

एक गोष्ट मला कळत नाही. पश्चिमेला शेजाऱ्यांचं दुमजली घर आहे. त्याच्या भिंतीलगतचा सात-आठ फुटांचा पट्टा अगदी स्वच्छ आहे, एकही भेग नाही. माल तोच, माणसं तीच, पाणीही तेव्हाच मारलं. मग तिथे का नाही? आणि तीन-चार आठवड्यांनी पहिल्या मजल्याचा स्लॅब आहे, तेव्हा काय करू?

---

नाना_मिस्त्री · 18 एप्रिल, रात्री 10:40

ताई, चाळीस वर्षं हेच करतोय. मिक्सरवर घमेल्याने टाकायचो तेव्हा असल्या भेगा बघायला मिळत नव्हत्या. आता प्लांटचा माल म्हणजे राख आणि केमिकल. बारीक माल जास्त, पंपातून जायला पाहिजे ना. तो वरून साय धरतो आणि फाटतो. माल परत पाठवायला हवा होता.

---

साईट_सुपरवायझर · 18 एप्रिल, रात्री 11:05

नाना, राखेला उगाच दोष देऊ नका. वर्षाताई, त्या दिवशी नाशिकचं तापमान 37 होतं. आयएस 7861 च्या पहिल्या भागात उष्ण हवामान म्हणजे 40 च्या वर असं दिलं आहे. म्हणजे तुमचा स्लॅब उष्ण हवामानात मोडतच नाही. साधी क्युरिंगची चूक आहे. संध्याकाळीच पाणी मारायला हवं होतं.

---

क्यूब_फोडणारा · 19 एप्रिल, सकाळी 6:50

कुणाची चूक ते नंतर बघू. वर्षाताई, आधी चार गोष्टी बघून सांगा. भेगा स्लॅबच्या कडेपर्यंत जातात की अलीकडेच थांबतात? सळयांच्या रेषेत आहेत का? एखादी भेग झाडून भिंगातून बघा, ती खडीला वळसा घालून जाते की खडी फोडून जाते? आणि आळीत पाणी असताना खालून प्लायच्या सांध्यांतून ठिबकतं का?

---

आडगावची_वर्षा · 19 एप्रिल, दुपारी 1:20

सकाळी एका आळीतलं पाणी काढून, पुसून बघितलं. बहुतेक भेगा दीड ते तीन फूट लांब, दोघींत फूट-दीड फुटाचं अंतर. कडेपर्यंत एकही जात नाही. खडीला वळसा घालतात, अगदी स्पष्ट दिसतं. एका ठिकाणी अर्धवट उघडी खडी आहे, भेग तिच्या पोटाला चिकटून वळून पुढे गेली आहे.

सळयांच्या रेषेत नाहीत, पण एक अपवाद. मधल्या बीमवर तीन-चार भेगा एकमेकींना समांतर, सरळ, सहा-सहा इंचांवर आहेत.

खालून दोन ठिकाणी ओल दिसते. थेंब नाही, डाग.

---

क्यूब_फोडणारा · 19 एप्रिल, रात्री 9:35

मग चित्र बरंचसं स्पष्ट आहे. मी बावीस वर्षं प्लांटच्या लॅबमध्ये काढली आहेत, त्यामुळे माझं माप प्लांटच्या बाजूने झुकतं असं वाटलं तर तेवढं वजा करून वाचा.

बीमवरच्या सरळ भेगा वेगळ्या जातीच्या आहेत. माल टाकल्यावर खडी हळूहळू खाली बसते, पाणी वर येतं. वरची सळई मालाला बसू देत नाही, आणि सळईच्या डोक्यावर तो फाटतो. सहा इंचांवर भेगा म्हणजे सहा इंचांवर सळ्या. बीम खोल असतो, तिथे माल जास्त बसतो, म्हणून त्या फक्त तिथे आल्या. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा थोडा व्हायब्रेटर दिला असता तर टळल्या असत्या.

तिरक्या भेगा मात्र वाऱ्याच्या. खडीला वळसा घालून गेल्या याचा अर्थ त्या पडल्या तेव्हा माल ओला होता, खडी त्याच्या पकडीत नव्हती. माल घट्ट झाल्यावर भेग पडली असती तर काही खड्याही फुटल्या असत्या. म्हणजे भेगा पडल्या दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान. क्युरिंग संध्याकाळी सुरू केलं असतं तरी उशीरच झाला असता. मिस्त्री जेवायला बसले तेव्हा काम होऊन गेलं होतं.

कारण असं. ताज्या स्लॅबवर थोडं पाणी आपणहून वर येतं, गवंडी त्याला पाणी सुटलं म्हणतात. हे पाणी उडण्याचा वेग ते वर येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की पृष्ठभागावरची चकाकी जाते, वरच्या थरातले कण एकमेकांना ओढू लागतात आणि माल अजून ताकद नसल्याने फाटतो. उडण्याच्या वेगाचा अंदाज काढायला एक सूत्र आहे, मी रोज तेच वापरायचो:

```
E = 5 × [(Tc+18)^2.5 − r × (Ta+18)^2.5] × (V+4) × 10^-6
```

Tc मालाचं तापमान, Ta हवेचं, r हवेची आर्द्रता (18 टक्के असेल तर 0.18), V वारा ताशी किलोमीटरमध्ये. उत्तर येतं एका चौरस मीटरवरून तासाला किती किलो पाणी उडतं ते.

तुमच्या दिवसासाठी मी माल 34 अंश, हवा 37, आर्द्रता 18 टक्के, वारा 18 असं धरलं. माल आणि वारा हा माझा अंदाज आहे, कारण त्या दिवशी कुणी थर्मामीटर घातला नव्हता. उत्तर येतं 1.7. तुमचा स्लॅब साधारण 107 चौरस मीटर, म्हणजे स्लॅब ओला असेतोवर तासाला 180 लिटर पाणी उडत होतं. जवळजवळ एक बॅरल. एक किलोच्या आसपास गेलं की धोका धरतात, आणि राखेच्या किंवा बारीक मालाच्या मिश्रणात तर मी अर्ध्या किलोलाच सावध होतो.

आता तुमच्या शेजाऱ्यांची भिंत. बाकी सगळं तेच ठेवून वारा 18 ऐवजी 6 घाला. उत्तर येतं 0.77, निम्म्याहून कमी. दुपारी वारा पश्चिमेचा होता, भिंतीने तो अडवला. दोननंतर थोडी सावलीही आली असेल. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या पट्ट्यातच आहे. माल खराब असता तर तोही पट्टा फाटला असता.

सुपरवायझर, 40 चा आकडा तुम्ही बरोबर सांगितला. पण तो आकडा ओलांडला नाही म्हणजे भेगा पडणार नाहीत असं नाही. सूत्रात बघा, हवेचं तापमान आर्द्रतेला गुणून वजा होतंय. कोरड्या हवेत वारा सुटला की 30 अंशांतही स्लॅब फाटतो.

नानांचं अर्धं बरोबर आहे. बारीक माल जास्त आणि राख असली की पाणी कमी सुटतं, म्हणून वरचा थर लवकर उघडा पडतो. पण घमेल्याच्या काळात पाणी भरपूर घालत होतात नाना, ते सुटायचंही भरपूर. भेगा दिसायच्या नाहीत, ताकद मात्र कमी यायची.

---

नाना_मिस्त्री · 19 एप्रिल, रात्री 10:02

ताकद कमी आली तरी ती घरं अजून उभी आहेत म्हणा. पण वारा हे पटलं. पाथर्डीकडे माळावर काम होतं तेव्हा असंच झालं होतं, गावात मात्र कधी नाही. मग दुपारी वरून पाणी शिंपडत गेलो असतो तर?

---

क्यूब_फोडणारा · 19 एप्रिल, रात्री 10:20

ओल्या मालावर पाईपने पाणी मारून वरून रंधा फिरवणं हेच नको. ते पाणी वरच्या थरात मुरतं, तिथला माल पातळ होतो आणि पुढे फरशी बसवायच्या आधीच पायाखाली पीठ निघतं. धुक्यासारखा फवारा हवेत, स्लॅबच्या वर, चालतो. त्याने हवेची आर्द्रता वाढते आणि चकाकी टिकते. थेंब साचता कामा नयेत.

---

निफाडचा_बागाईतदार · 20 एप्रिल, सकाळी 7:15

आमच्याकडे उलटं झालं होतं म्हणून विचारतो. जानेवारीत शेततळ्याशेजारी पाण्याच्या टाकीचं बूड टाकलं, चार इंच, खाली दगडी सोलिंग. सहा वाजता सुरुवात, रात्री साडेनऊला संपलं. थंडी पडली होती, आम्ही बागेत शेकोट्या लावल्या तशी एक टाकीच्या कडेलाही लावली. सकाळी हातात घेववत नव्हतं इतकं पाणी गार, आणि बुडाला भेगा. ऊन तर नव्हतं. मग काय झालं?

---

साईट_सुपरवायझर · 20 एप्रिल, सकाळी 8:30

थंडीत सिमेंट गोठतं. आयएस 7861 चा दुसरा भाग.

---

क्यूब_फोडणारा · 20 एप्रिल, रात्री 9:10

तो भाग 5 अंश आणि त्याखालच्यासाठी आहे, आणि निफाडला पारा अधूनमधून तिथवर जातो हे खरं. पण यांच्या बुडाला बर्फ झाला असं मला वाटत नाही.

बागाईतदार, थंड हवा आणि त्यात गरम माल. माल 22 अंश, हवा 10, आर्द्रता 40 टक्के, वारा 15 धरला तर सूत्रातून 0.8 येतं. दुपारच्या उन्हाच्या निम्मंच. पण उन्हाळ्यात माल तीन-साडेतीन तासांत घट्ट होऊ लागतो, थंडीत पीपीसीला दहा-बारा तासही लागतात. रात्रभर तो मऊ आणि रात्रभर वारा. धोका कमी वेगाचा पण लांबलचक. शिवाय तुमचं सोलिंग कोरडं होतं का? कोरडे दगड आणि मुरूम खालून पाणी ओढतात, म्हणजे दोन्हीकडून गळती. आणि शेकोटीने फक्त एक कड सुकवली.

उपाय म्हणजे सोलिंग आदल्या दिवशी भिजवून ठेवणं (डबकं न ठेवता), वर प्लास्टिक, त्यावर गवत किंवा जुनी पोती. झाकण उष्णता धरतं, पाणीही धरतं. सकाळी त्यावर विहिरीचं गार पाणी लगेच ओतू नका, वरचा थर झटक्याने आकसतो. आणि थंडीत ताकद हळू येते, म्हणून प्लेटा, टेकू नेहमीच्या दिवशी काढण्याची घाई नको.

---

निफाडचा_बागाईतदार · 20 एप्रिल, रात्री 9:48

सोलिंग कोरडंच होतं. कड शेकोटीच्या बाजूचीच जास्त फाटली होती, आत्ता आठवलं.

---

सुनंदा_इंदिरानगर · 21 एप्रिल, सकाळी 11:30

आमच्या गच्चीलाही भेगा आहेत, आठ वर्षांचं घर, दर पावसाळ्यात हॉलच्या कोपऱ्यात ओल येते. तुम्ही सांगताय ते प्लास्टिक आता गच्चीवर अंथरलं तर भेगा बुजतील का?

---

आडगावची_वर्षा · 21 एप्रिल, दुपारी 12:05

सुनंदाताई, हे ओल्या स्लॅबचं चाललंय, पहिल्या काही तासांचं. तुमचं वॉटरप्रूफिंगचं प्रकरण वेगळं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही वाचेन.

क्यूबदादा, आता या भेगांचं काय? आणि ओलीचे डाग?

---

क्यूब_फोडणारा · 21 एप्रिल, रात्री 8:55

दादा नको, मी काका वयाचा आहे.

खालून डाग आलाय म्हणजे दोन तरी भेगा आरपार आहेत. पाच इंची स्लॅबमध्ये असं होतं. प्रत्यक्ष येऊन बघणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, फोनवर उत्तर देणाऱ्याला नाही. भार पेलण्याबाबत त्यांचं म्हणणं अंतिम. अशा भेगांनी स्लॅब पाडावा लागला असं मी क्वचितच पाहिलं आहे. हा मधला मजला आहे, वर छप्पर येणार, त्यामुळे बहुतेक भाग कोरडा राहील. बाथरूम आणि वॉशिंगच्या जागेखालच्या भेगा मात्र सोडू नका.

आधी क्युरिंग पूर्ण होऊ द्या. आयएस 456 प्रमाणे कोरड्या उष्ण हवेत पीपीसीला 14 दिवस. मग स्लॅब पूर्ण सुकवून, भेगा ब्रशने आणि हवेने साफ करून पाण्यासारखं पातळ इपॉक्सी ओता, ते स्वतःच्या वजनाने आत उतरतं. बरेच जण वरून सिमेंटचं दूध ओततात. ते बारीक भेगेत चार-सहा मिलिमीटर जातं, वर सपाट दिसतं, खाली पोकळ.

---

नाना_मिस्त्री · 21 एप्रिल, रात्री 9:30

इपॉक्सीचा खर्च कोण देणार ते पण सांगा. पंप साडेतीन तास उशिरा आला तो कुणामुळे?

---

क्यूब_फोडणारा · 21 एप्रिल, रात्री 9:41

ते सूत्रात येत नाही नाना. पण अकरा वाजता टाकायचं की दुसऱ्या दिवशी, हे साईटवरच्या माणसाला ठरवता आलं असतं.

---

साईट_सुपरवायझर · 22 एप्रिल, सकाळी 9:05

पुढच्या स्लॅबला फायबर टाका ताई. सिमेंटच्या एका पोत्याला 125 ग्रॅमची पुडी येते. प्लांटला सांगितलं की घालतात.

---

क्यूब_फोडणारा · 22 एप्रिल, रात्री 9:20

घाला, वाईट नाही. पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू भेगा बारीक ठेवतात, संख्या कमी करतात. पण फायबर आहे म्हणून झाकणं सोडलेल्या साईट मी बघितल्या आहेत, तिथेही भेगा होत्या, फक्त केसाळ. माझा कल आधी वेळ आणि वारा यांच्याकडे. फायबरवर तुमचं आणि माझं एकमत व्हायचं नाही.

वर्षाताई, पहाटे साडेपाचला पहिली गाडी मागवा. हवा 23, आर्द्रता 45 टक्के, वारा 5, माल 28 धरला तर 0.43 येतं. बाकी काही न बदलता एक चतुर्थांश. पंप सातपर्यंत आला नाही तर गाड्या परत, हे आधी बोलून ठेवा. पश्चिमेला स्लॅबच्या वर चार-पाच फूट येईल असं शेडनेट लावा. प्लाय आणि सळई तापलेली असेल तर टाकायच्या आधी पाणी मारून गार करा, पण साचलेलं पाणी काढून. पाटा मारला की त्या पट्ट्यावर लगेच प्लास्टिक, पूर्ण स्लॅब संपायची वाट न बघता. फिनिशिंगसाठी एका कडेने उचलायचं, रंधा मारायचा, परत टाकायचं. कडांवर वाळूच्या पिशव्या.

---

निफाडचा_बागाईतदार · 22 एप्रिल, रात्री 9:52

फवाऱ्याला आमचा पाठीवरचा बॅटरी पंप चालेल की. बारीक नोझल लावली की धुकंच येतं. प्लास्टिकला द्राक्षाचं कव्हर देतो, चारशे फूट पडलंय, आडगावला येताना टाकतो.

---

क्यूब_फोडणारा · 22 एप्रिल, रात्री 10:00

पंप उत्तम. तणनाशकाचा नसावा. आणि कव्हर जाळीचं असेल तर ते वाऱ्याला लावा, स्लॅबवर बिनभोकांचं प्लास्टिकच हवं.

---

आडगावची_वर्षा · 14 मे, संध्याकाळी 7:30

काल पहिल्या मजल्याचा स्लॅब पडला. धागा वर आणते.

पंप पावणेसहाला आला. पहिली गाडी सहाला, शेवटची साडेआठला. काकांनी सांगितल्याप्रमाणे थर्मामीटर घेतला होता, पहिल्या गाडीचा माल 29, शेवटचा 31. शेडनेट रात्रीच बांधलं. मिस्त्री आधी हसत होते, मग त्यांनीच पट्टा पाडून प्लास्टिक अंथरायला दोन माणसं वेगळी दिली. फायबरही घातलं, सुपरवायझरदादांचंही ऐकलं, त्यामुळे कशाने फरक पडला ते मला सांगता येणार नाही.

नऊच्या सुमाराला वारा सुटला आणि ईशान्य कोपऱ्यात प्लास्टिक उडालं. वाळूच्या पिशव्या तिथे कमी पडल्या होत्या. कुणाच्या लक्षात यायला वीसेक मिनिटं गेली असतील. तिथे तीन भेगा दिसल्या, त्याच तिरक्या. मिस्त्रींनी बोट लावून बघितलं, अंगठा दाबला तर खड्डा पडत होता. लाकडी रंधा जोरात दाबून घोटलं, भेगा बंद झाल्या, परत झाकलं. आज सकाळी बघितलं, तिथे काही नाही. बाकी स्लॅबवरही नाही. बीमवर एक सरळ भेग आहे, पुन्हा व्हायब्रेटर द्यायचं आम्ही विसरलो.

खालच्या स्लॅबचं इपॉक्सी पुढच्या आठवड्यात. खर्चाचं अजून कुणी बोलत नाही.

---

क्यूब_फोडणारा · 14 मे, रात्री 9:15

अंगठ्याचा खड्डा पडत होता म्हणून घोटल्यावर बंद झाली. तासाभराने घोटलं असतं तर फक्त वरून पुसली गेली असती आणि आत राहिली असती. तो कोपरा खडूने नोंदवून ठेवा. आळीत पाणी असेल तेव्हा तिथेच खालून बघा, डाग येतो का.

---

आडगावची_वर्षा · 15 मे, सकाळी 8:05

बघितलं. कोरडं आहे. आज आळी पुन्हा काठोकाठ भरली आहे, उद्या परत बघते.

---

नाना_मिस्त्री · 15 मे, सकाळी 8:40

निफाडचे दादा, ते कव्हर उरलं असेल तर मला मखमलाबादला पाहिजे. रविवारी स्लॅब आहे.